सात मीटर सदुसष्ट

निरोपाच्या भाषणाचा एक साचा आपल्याकडे ठरून गेलाय. सर नारळासारखे, बाहेरून कडक, आतून मऊ. सरांनी अनेक पिढ्या घडवल्या. सर शाळेतून निवृत्त होतायत, आमच्या मनातून नाही. मग शाल, श्रीफळ, आणि सगळ्यांनी एका फोटोसाठी जवळ सरकायचं. वीसेक वर्षं स्थानिक बातम्या करतोय, त्यामुळे हे भाषण माझं पाठ आहे. नाव बदललं की तेच भाषण इतिहासाच्या मॅडमना चालतं आणि ऑफिसातल्या क्लार्कलाही चालतं. त्यातच त्याची अडचण आहे.

शाळेतून फोन आला की यंदाच्या वार्षिक क्रीडा दिनाला आपल्या पीटीच्या सरांचा निरोप आहे, ते ३१ तारखेला निवृत्त होतायत, माजी विद्यार्थी म्हणून तुम्ही पाच मिनिटं बोला. मी हो म्हटलं. आणि ठरवलं की नारळ आणायचा नाही. सरांनी ३२ वर्षं जे काम केलं, त्यातलं एकच काम घ्यायचं आणि ते नीट सांगायचं. मी निवडलं ते मैदान आखण्याचं काम. पाच मिनिटांत अर्धंच सांगता आलं. खाली उतरल्यावर दोन-तीन पालकांनी थांबवून विचारलं, 'ते चौथ्या लेनचं पुन्हा सांगा ना.' म्हणून इथे सविस्तर लिहितोय. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

सर १९९३ साली शाळेत आले तेव्हा मी सातवीत होतो. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळातून शिकून आलेले. तोवर आमचा क्रीडा दिन म्हणजे मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळत सुटायचं. कुणी तिरका पळायचा, कुणी दुसऱ्याच्या पायात पाय घालायचा, आणि भिंतीला पहिला हात लावेल तो पहिला. सरांनी आल्या आल्या एक स्टीलचा टेप, बांधकामावर सळ्या बांधायची ती बारीक तार, चार खुंट्या आणि दोन पोती रांगोळी मागितली. हेडमास्तरांनी विचारलं, रांगोळी कशाला, दिवाळी तर झाली. सरांनी सांगितलं की चुन्याने आखलं आणि पोर तोंडावर पडलं, तर चुना डोळ्यात जातो, आणि ओल्या डोळ्यात चुना म्हणजे भाजणं. रांगोळी ही दगडाची भुकटी. डोळ्यात गेली तर खुपते, पण जाळत नाही. दिसायला दोन्ही पांढरंच. आज कित्येक मैदानांवर चुनाच वापरतात. माझ्या भाषणातला हा पहिला मुद्दा, आणि इथेच मागे बसलेल्या एका आजोबांनी मान डोलावली.

आता ट्रॅक. टीव्हीवर दिसतो तो ४०० मीटरचा. तेवढी जागा आपल्या शाळांकडे कुठली? आमच्याकडे बसतो तो २०० मीटरचा, आणि तोही अंग चोरून. सर असं करायचे: मैदानाच्या मधोमध एक सरळ रेषा धरायची आणि तिच्यावर बरोब्बर ४० मीटर अंतरावर दोन खुंट्या ठोकायच्या. ह्या दोन खुंट्या म्हणजे दोन टोकांच्या अर्धवर्तुळांचे मध्य. दोन्ही बाजूंच्या सरळ वाटा ४०-४० मीटरच्या, म्हणजे ८० मीटर झाले. उरले १२०, ते दोन वळणांत, म्हणजे प्रत्येक वळण ६० मीटरचं. ६० मीटरच्या अर्धवर्तुळाची त्रिज्या १९ मीटर १० सेंटिमीटर येते. इथपर्यंत दहावीचं पोर करेल.

पण सर तार कापायचे १८ मीटर ९० सेंटिमीटरची. २० सेंटिमीटर कमी. कारण पळणारा मुलगा रेषेवरून पळत नाही, रेषेच्या थोडा बाहेरून पळतो. खेळाच्या नियमात तो 'थोडा' म्हणजे २० सेंटिमीटर असं धरलेलं आहे. नुसती आखलेली रेषा असेल तर २०, उंच कडा बांधलेली असेल तर ३०, कारण कडेला पाय लागू नये म्हणून माणूस आणखी लांबून पळतो. तेव्हा अंतर मोजायचं ते मुलगा जिथून पळणार तिथून, आणि रेषा मारायची ती त्याच्या आत. हे विसरून १९ मीटर १० वरच रेषा मारली, तर २०० मीटरची शर्यत सव्वा मीटरने लांबते. सव्वा मीटर म्हणजे एक पाऊल. पहिल्या आणि दुसऱ्या मुलात तेवढंही अंतर नसतं कधी कधी.

तार वापरायचं कारणही तेच. सुतळी किंवा नायलॉनची दोरी ओढली की ताणते, सकाळी दवाने ओली झाली की वेगळी वागते. कापडी टेप वापरून वापरून लांबतो. सरांचा नियम होता, जे ताणतं त्याने मोजायचं नाही.

मग पडताळा. चारही कोपरे, म्हणजे सरळ वाट संपून वळण सुरू होतं त्या चार जागा, यांचा एक आयत होतो. एक बाजू ४० मीटर, दुसरी ३७ मीटर ८०. ह्या आयताचे दोन्ही कर्ण मोजायचे. दोन्ही ५५ मीटर ३ सेंटिमीटर आले तर ट्रॅक सरळ आहे. एक कमी, एक जास्त आला, तर तो आयत नाही, पतंग झालाय. डोळ्यांना कळत नाही बरं का. लांबून बघितलं तर तिरका ट्रॅकसुद्धा छान गोल दिसतो. कर्ण मोजल्याशिवाय सरांनी कधी रांगोळीच्या पोत्याला हात लावला नाही. आणि कर्ण चुकला की सर रागवायचे नाहीत, ओरडायचे नाहीत, फक्त 'पुन्हा' म्हणायचे. टेपचं दुसरं टोक धरून उभं राहायला आम्ही पोरं असायचो. थंडी, बोटं गारठलेली, रेंजहिल्सच्या बाजूने येणारं वारं, आणि सरांचं 'पुन्हा'.

आता चौथ्या लेनचं.

प्रत्येक लेन १ मीटर २२ सेंटिमीटर रुंद. हा आकडा विचित्र वाटतो, पण तो जुना चार फुटांचा हिशेब आहे. आतल्या लेनमधला मुलगा लहान वळण घेतो, बाहेरचा मोठं. दोघं एकाच रेषेवरून सुटले तर बाहेरच्याला जास्त पळावं लागणार, म्हणून बाहेरच्याला पुढे उभं करायचं. हे सगळ्यांना माहीत असतं. प्रश्न असतो किती पुढे. सरांचं उत्तर: २०० मीटरच्या ट्रॅकवर पूर्ण एक फेरी असेल तर दर लेनला ७ मीटर ६७ सेंटिमीटर. दुसऱ्या लेनला ७.६७, तिसऱ्याला १५.३३, चौथ्याला चक्क २३ मीटर.

२३ मीटर म्हणजे चौथ्या लेनमधलं पोर जवळजवळ एक तृतीयांश वळण पार करून उभं असलेलं दिसतं. दरवर्षी क्रीडा दिनाला कुणीतरी पालक उठतोच, 'अहो सर, हा तर सुरू व्हायच्या आधीच जिंकला!' सर त्यांना बोलावून घ्यायचे, त्यांच्या हातात टेपचं टोक द्यायचे आणि म्हणायचे, चला, आपण दोघं मोजू. दोन लेन मोजून झाल्या की पालक परत खुर्चीत. एकदा हा प्रश्न विचारणारे गृहस्थ कारखान्यात फिटर होते. त्यांनी चारही लेन स्वतः मोजल्या, वळणावर टेप कसा धरायचा हे सरांना उलट सुधारून दिलं, आणि त्यानंतर पाच-सहा वर्षं, त्यांचा मुलगा शाळेतून बाहेर पडल्यावरही, आदल्या दिवशी आखणीला यायचे.

ह्या ७.६७ ची एक गंमत आहे, आणि ती मला आठवीत असताना सरांनी सांगितली होती. आमच्या गणिताच्या सरांशी त्यांची ह्यावरून पैज लागली होती. गणिताचे सर म्हणाले, आपलं मैदान लहान, ४०० मीटरवाल्यांचं मोठं, मग त्यांचा फरक मोठा असणार आणि आपला लहान. आमचे सर म्हणाले, एक पूर्ण फेरी असेल तर तेवढाच. ट्रॅक कितीही लहान करा, कितीही मोठा करा. गणिताच्या सरांनी खडू घेतला आणि फळ्यावर मांडलं. बाहेरच्या वर्तुळाच्या परिघातून आतल्या वर्तुळाचा परीघ वजा केला तर त्रिज्या निघूनच जाते, उरते फक्त लेनची रुंदी आणि दोन पाय. १.२२ गुणिले ६.२८३. ७.६७. विहिरीभोवती सव्वा मीटर लांबून चक्कर मारा की सगळ्या खडकी बाजाराभोवती, विहिरीला, बाजाराला लगटून चालणाऱ्यापेक्षा तुम्ही जास्त चालता ते तेवढंच. गणिताचे सर फळ्याकडे बघत राहिले. वर्गात पाय ह्या आकड्याचा उपयोग कळला तो आम्हाला त्या दिवशी, आणि तो पीटीच्या तासाला. (हो, तोच तास, जो सहामाही जवळ आली की विज्ञानाच्या मॅडम मागून घ्यायच्या.)

पण फरक लेनवर ठरतो तसा वळणांवरही ठरतो, आणि गोंधळ होतो तो इथे. मोठ्या ४०० मीटरच्या ट्रॅकवर २०० मीटरची शर्यत म्हणजे अर्धी फेरी, त्यात वळण एकच. आपल्या लहान ट्रॅकवर तीच २०० मीटरची शर्यत म्हणजे पूर्ण फेरी, वळणं दोन. शर्यतीचं नाव तेच, अंतर तेच, पण फरक जवळजवळ दुप्पट. पुस्तकात '२०० मीटर' ह्या ओळीपुढे जे आकडे छापलेले असतात ते मोठ्या ट्रॅकचे असतात. दुसऱ्या लेनला ३.५२, चौथ्या लेनला ११.१८. कुणी घाईत तेच उचलून शाळेच्या मैदानावर मारले, तर चौथ्या लेनच्या पोराला मिळायला हवेत २३ मीटर आणि मिळतात ११. ते पोर इतरांपेक्षा १२ मीटर जास्त पळतं. बारा-तेरा वर्षांचं बरं पळणारं पोर २०० मीटरला ३२ सेकंद घेतं असं धरा, तर १२ मीटर म्हणजे जवळजवळ दोन सेकंद. दोन सेकंदांत शर्यत जाते, आणि पोराला वाटतं आपणच कमी पडलो.

हे मी डोळ्यांनी बघितलंय. काही वर्षांपूर्वी एका आंतरशालेय स्पर्धेच्या बातमीला गेलो होतो. स्पर्धा कुठली, आयोजक कोण, ते जाऊ द्या. मुलींच्या २०० मीटरच्या चार प्राथमिक फेऱ्या झाल्या. आमच्या शाळेची मुलगी चौथ्या लेनमध्ये होती, शेवटची आली, आणि तिची आई तिला समजावत होती की अगं असू दे, पुढच्या वर्षी. सर स्कोअरच्या टेबलाशी गेले आणि चारही फेऱ्यांचे निकाल बघायला मागितले. चारही फेऱ्यांत पहिली आलेली मुलगी पहिल्या लेनची. तीन फेऱ्यांत दुसरी आलेली दुसऱ्या लेनची. सर मला म्हणाले, 'लेका, चिठ्ठ्या टाकून लेन दिल्यात ना? मग वेग चिठ्ठीत कसा आला?'

इतकंच. टेप नसेल तरी चुकलेली आखणी अशी ओळखता येते. एका फेरीत पहिल्या लेनचं पोर जिंकलं तर ते चांगलं पळालं. सगळ्या फेऱ्यांत तीच लेन जिंकत असेल तर मैदान पळतंय, पोरं नाही.

जेवणाच्या सुट्टीत सरांनी टेप काढला. आरडाओरडा नाही, तक्रार अर्ज नाही. आयोजकांच्या तरुण शिक्षकाला बाजूला घेतलं, तिथल्या तिथे चौथी लेन मोजून दाखवली. तो मुलगा कंत्राटावर होता, शिकवायचा भूगोल, आणि मैदान आखायचं काम त्याच्या गळ्यात पडलं होतं. घामाघूम झाला. सर त्याला म्हणाले, 'तू पुस्तकातलं बरोबर उतरवलंयस. पुस्तक दुसऱ्या मैदानाचं होतं.' दोघांनी मिळून अर्ध्या तासात नव्या खुणा केल्या आणि फेऱ्या पुन्हा झाल्या. आधी जिंकलेल्या एका मुलीचे वडील चांगलेच तापले होते, आणि त्यांचंही चूक नव्हतं, त्यांच्या मुलीला दोनदा पळावं लागलं. आमची मुलगी दुसऱ्यांदा पळाली ती दुसरी आली. अंतिम फेरीत पाचवी. पदक नाही मिळालं. पण त्या रात्री तिची आई घरी जाताना 'असू दे' म्हणत नव्हती, आणि मुलगी बसच्या खिडकीतून बाहेर बघत तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकाच्या मुलींची वेळ विचारत होती. ह्या प्रसंगाची बातमी मी दिली नाही. त्या भूगोलाच्या शिक्षकाची नोकरी गेली असती. तेव्हाही पटलं होतं, आजही पटतं.

भाषणात मी इथे धनराज पिल्लेंचं नाव घेतलं. खडकीत ते नाव घेतलं की टाळ्या येतातच, पण मला टाळ्यांसाठी घ्यायचं नव्हतं. धनराज आपल्या खडकीचे, १९६८ चा जन्म. ऑर्डनन्स फॅक्टरीच्या कामगार वसाहतीत तुटक्या स्टिक आणि टाकून दिलेले बॉल घेऊन चिखलाच्या मैदानावर खेळत मोठे झाले. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत कर्णधार म्हणून सुवर्ण. हे सगळ्या पोरांना पाठ असतं. पण त्यांचे वडील काय काम करायचे, हे विचारलं तर मंडपात एकानेच हात वर केला. ते मैदान राखायचे. ग्राउंड्समन होते. मैदानाला पाणी मारायचं, ते लोळवायचं, रेषा आखायच्या. देशाला कर्णधार मिळाला तो मैदान आखणाऱ्या माणसाच्या घरातून. खेळणाऱ्याचं नाव पाटीवर येतं, आखणाऱ्याचं येत नाही, आणि दुसऱ्या दिवशी पावलांनी त्याची रेषाही पुसली जाते.

आता मैदानाचं. मी सातवीत असताना आमच्या ट्रॅकवर सहा लेन बसायच्या. सहा लेनला मैदान साडेबावन्न मीटर रुंद लागतं आणि साडेब्याण्णव मीटर लांब, तेही बाहेर थांबायला जागा न धरता. मग एका बाजूला नवी इमारत आली, तिच्यापुढे गाड्या लावायची जागा आली, पेव्हर ब्लॉक आले. पाच मीटर गेले. सरांनी भांडण केलं की नाही मला माहीत नाही. आमच्यासमोर तरी नाही केलं. त्यांनी वहीत नवा हिशेब मांडला: चार लेन केल्या की साडेसत्तेचाळीस मीटरमध्ये बसतं. आतली रेषा तीच, खुंट्या त्याच, फक्त बाहेरच्या दोन लेन गेल्या. म्हणजे एका फेरीत सहाऐवजी चार मुलं. म्हणजे फेऱ्या दीडपट. म्हणजे क्रीडा दिन दुपारी एकला संपायचा तो अडीचला संपायला लागला, आणि पालक म्हणायला लागले की हल्ली कार्यक्रम लांबतो. का लांबतो ते पेव्हर ब्लॉकवर गाडी लावून आलेल्या माणसाला कसं कळणार?

खुंट्या 'त्याच' म्हटलं, त्यामागेही एक गोष्ट आहे. दरवर्षी पहिल्यापासून मोजायला नको म्हणून सरांनी १९९५ च्या सुमारास त्या दोन मध्यांवर दोन लोखंडी सळ्या जमिनीत गाडल्या. दीड-दीड फूट खोल, डोकं मातीच्या चार बोटं खाली, म्हणजे पोरांना लागायला नको. वर काहीच दिसत नाही. त्या कुठे आहेत हे ध्वजस्तंभाच्या चौथऱ्याच्या दोन कोपऱ्यांपासून मोजून वहीत लिहिलेलं. दोन कोपऱ्यांपासून दोन अंतरं टाकली की जिथे ती मिळतात तिथे खणायचं, सळी लागते. दरवर्षी डिसेंबरात सर आधी ती सळी खुरप्याने शोधून काढायचे. आम्ही त्याला 'खजिना काढणं' म्हणायचो.

तर आता मुद्दा, ज्यासाठी ही पोस्ट लिहिली. सर ३१ तारखेला जातायत. त्यांच्या जागी कोण येणार, हे मी तिथे व्यासपीठावर विचारलं नाही. निरोपाच्या कार्यक्रमात शाळेला कोंडीत पकडणं बरं नव्हे, आणि खरं सांगायचं तर उत्तर एकट्या शाळेच्या हातात नाहीच. २००९ चा शिक्षणहक्क कायदा काढून बघा. सहावी ते आठवीच्या वर्गांना विज्ञान-गणित, समाजशास्त्र आणि भाषा ह्यांना किमान एकेक शिक्षक हवा असं तो म्हणतो. त्याच परिशिष्टात कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण ह्यांच्यासाठी शब्द वापरलाय तो अंशकालीन निदेशकांचा, आणि तेही पटसंख्या शंभराच्या वर असेल तरच. म्हणजे गणिताला शिक्षक, पळण्याला अर्धवेळ माणूस. त्याच परिशिष्टात शाळेला मैदान हवं असंही लिहिलेलं आहे. मैदान हवं, पण ते कुणी आखायचं ह्यावर कायदा गप्प.

अर्धवेळ माणूस वाईट असतो असं माझं म्हणणं नाही. त्या भूगोलाच्या मुलाचं उदाहरण वर दिलंच. पण तासावर येणाऱ्याला डिसेंबरातल्या एका शनिवारसाठी आधीचे दोन दिवस मैदानात वाकून काढायला कोण सांगणार, आणि त्याचे पैसे कोण देणार? आणि सळ्या कुठे आहेत ते त्याला कुठून कळणार? एकदा ती वही हरवली, की पुढच्या वर्षी मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळत सुटायचं. १९९२ सारखं.

सरांचं उत्तराचं भाषण दोन मिनिटांचं झालं. त्यांना बोलता येत नाही, शिट्टी वाजवता येते. आभार मानले, बायकोचं नाव घेतलं, हेडमास्तरांचं घेतलं, सेवकमामांचं घेतलं. मग खिशातून वही काढली आणि सांगितलं की ह्याच्या तीन झेरॉक्स काढल्यात, एक ऑफिसात, एक लायब्ररीत, एक प्रयोगशाळेच्या कपाटात, म्हणजे उंदरांनी एक खाल्ली तरी दोन राहतील. सगळे हसले. सर हसले नाहीत.

त्यांनी एक काम आधीच करून ठेवलं होतं, ते मला कार्यक्रम झाल्यावर कळलं. यंदाचा ट्रॅक त्यांनी आखलाच नव्हता. नववीतल्या दोन मुली आणि दोन मुलगे निवडून त्यांच्याकडून आखून घेतला होता. निवडताना पळण्यात पहिले आलेले घेतले नाहीत. त्यातली एक मुलगी दम्यामुळे कधी शर्यतीत उतरत नाही, पण आकडे चोख लिहिते. ती टेप वाचायला आणि वही धरायला. शुक्रवारी त्यांनी सळ्या काढल्या, तारा लावल्या, कर्ण मोजले. पहिल्यांदा एक कर्ण ५४ मीटर ९० आला आणि दुसरा ५५ मीटर १६. सर आंब्याखाली खुर्ची टाकून बसले होते. तिथूनच म्हणाले, 'पुन्हा.' तिसऱ्या वेळेला दोन्ही जुळले, तोवर साडेसहा वाजून गेले होते आणि पोरांनी मोबाइलच्या उजेडात रांगोळी मारली. चौथी लेन जरा नागमोडी आलीय, फोटोत दिसते. मोजली, २३ मीटरला २ सेंटिमीटर कमी.

पुढच्या वर्षी ही चौघं दहावीत असतील, डिसेंबरात सराव परीक्षेच्या धामधुमीत. तेव्हा आत्ताच्या आठवीतली दोन-तीन पोरं त्यांच्याबरोबर लावावी लागतील, आणि ते शाळेनेच करायला हवं. आणि शाळेचा स्टीलचा टेप ३१ मीटरवर तुटलाय. पोरांनी कर्ण दोन टप्प्यांत मोजला, मधे खूण करून, आणि तो पहिल्यांदा चुकला त्याचं कारण बहुधा तेच. ५० मीटरला गुंडाळीवाला टेप लागतो. तोही कर्णाला थोडा कमीच पडतो, पण जोड शेवटच्या पाच मीटरचाच उरतो. आमच्या बॅचच्या ग्रुपवर टेपचे पैसे जमवतोय. दुसरी बॅच पुढे आली तर रांगोळीची पोती आणि बांधायची तार तुमच्याकडे. टेप जानेवारीत देऊ, सर तोवर पेन्शनच्या कागदांसाठी शाळेत येत असतील. त्यांच्या हातात देऊन एकदा जुन्या टेपशी ताडून घ्यायचाय, कारण बाजारातले काही नवे टेपही खोटं मोजतात.